सामाईक दुकानाचं भाडं: हिशोब मागणारं पत्र कसं लिहावं?

कोपऱ्यावरची

मंडळी, एक पत्र लिहायचंय आणि पंधरा दिवस नुसतं लिहिते-खोडते आहे.

आजोबांचं एक दुकान आहे. अर्धा हिस्सा काकांचा होता, तो आता चुलतभावाकडे, म्हणजे दादाकडे आला. बाबांचा अर्धा मी आणि ताई, पाव-पाव. हे सगळं कागदावर आहे, त्यावर भांडण नाही. गेली 6 वर्षं दुकान एकाच भाडेकरूकडे आहे आणि भाडं दादा घेतो. मी दूर राहते, ताई लक्ष घालत नाही, त्यामुळे ते आपोआपच त्याच्याकडे गेलं. या 6 वर्षांत त्याने मला तीनदा पैसे पाठवले. 'तुझा वाटा' एवढंच म्हणाला. कोणत्या महिन्यांचा, कशातून काय वजा करून, काही नाही. फोनवर विचारलं की उत्तर ठरलेलं, "खर्च किती होतो माहितीये का तुला?" नाही ना माहीत, म्हणून तर विचारते!

माझा मसुदा:

"दादा, गेली सहा वर्षं तू माझ्या हक्काचे पैसे वापरतो आहेस. 72 महिन्यांच्या भाड्याचा पाव हिस्सा, आजवर दिलेले वजा करून, पंधरा दिवसांत माझ्या खात्यावर जमा कर. नाहीतर मला वकिलाकडे जावं लागेल."

जास्त कडक झालंय का?

बोलघेवडा

कडक? हे वाचून दादा आधी रक्तदाबाची गोळी घेईल आणि मग वकील गाठेल. तुमच्या आधी.

सडेतोड

अजिबात कडक नाही. सहा वर्षं गप्प बसलात हीच चूक. मी तर म्हणतो पत्रबित्र सोडा, थेट भाडेकरूला सांगा की पुढच्या महिन्यापासून भाडं देऊ नकोस. दादा आपोआप हिशोब घेऊन येईल.

जमाखर्च

सडेतोड, हे करू नका. भाडेकरूचा यात काय दोष? त्याने भाडं थांबवलं की तो थकबाकीदार होतो, दुकान सोडून गेला तर तिघांचंही उत्पन्न बुडतं, आणि दादाला आयतं कारण मिळतं की "हिनेच भाडेकरू पळवला".

कोपऱ्यावरची, मसुदा कडक आहे की नाही यापेक्षा तो चुकीचं मागतोय हे मोठं आहे. तुम्हाला रक्कम माहीत नाही आणि तुम्ही रक्कम मागता आहात. 72 गुणिले भाडं भागिले चार हा हिशोब नाही, अंदाज आहे. दादा एका ओळीत उत्तर देईल: "घरपट्टी कोणी भरली? छत कोणी दुरुस्त केलं?" आणि मग पुढची सगळी पत्रं तुमच्या आकड्याच्या चुकीवर होतील, त्याच्या हिशोबावर नाही. आधी हिशोब मागा. रक्कम त्यातून निघते.

खरे आकडे इथे टाकू नका. सुरुवातीचं महिन्याचं भाडं 100 धरा आणि बाकी सगळं त्या प्रमाणात सांगा. मी मांडून दाखवतो.

तिसरी घंटा

तीन मालक आहेत तर प्रत्येकाला एक तृतीयांश यायला हवा ना? पाव कुठून आला?

कोपऱ्यावरची

@तिसरी घंटा, वर लिहिलंय की. दादाचा अर्धा, आम्हा दोघींचा मिळून अर्धा. डोकी तीन, हिस्से सारखे नाहीत.

@जमाखर्च, पटलं. आकडे: पहिली 3 वर्षं भाडं 100, पुढची 3 वर्षं 110. भाडेकरूची अनामत 600, ती दादाकडेच. मला मिळाले 400, 250 आणि 250, म्हणजे 900. खर्चात घरपट्टी महिन्याला साधारण 10 पडते, एकदा छत गळत होतं तेव्हा 300 खर्च झाले (त्याची पावती त्याने तेव्हा फोनवर पाठवली होती), आणि चौथ्या वर्षी त्याने आत पोटमाळा काढला, 600 लागले म्हणतो. पोटमाळ्याचं मला नंतर कळलं. शिवाय 'मी सगळं सांभाळतो त्याचे दहा टक्के' असंही एकदा बोलला होता.

सगळं मीच केलं

मी तुमच्या दादाच्या जागी आहे म्हणून लिहितो. आमच्याकडे चार भावंडं, भाडं मी घेतो. भाडेकरू फोन करतो तो मला. नळ तुटला मला, शटर अडकलं मला, घरपट्टीची शेवटची तारीख मला. दहा वर्षांत एकाने विचारलं नाही की बाबा तुला काही मदत हवी का. आणि एक दिवस पत्र येतं की आमचे पैसे खाल्लेस. तसं पत्र मला खरंच आलं. मी ते फाडलं.

पण खरं सांगायचं तर हिशोब माझ्याकडेही नव्हता. पैसे खाल्ले नव्हते, लिहून ठेवलं नव्हतं. फाडण्यामागे राग निम्मा आणि घाबरणं निम्मं होतं.

कोपऱ्यावरची

@सगळं मीच केलं, हे वाचून जरा थांबले. दादाकडेही वही नसेल ही शक्यता माझ्या डोक्यातच आली नव्हती.

जुनी सनद

निवृत्त वकील आहे. कायदा ज्या देशात दुकान आहे तिथला लागतो, म्हणून कलमं सांगत बसत नाही. पण प्रश्न किती जुना आहे ते ऐका. इंग्लंडमध्ये पूर्वी एक सहमालक सगळं भाडं घेऊन बसला तरी दुसऱ्याला त्याच्याकडे हिशोब मागता येत नसे, त्या दुसऱ्याने पहिल्याला कारभारी म्हणून नेमलेलं असेल तरच मागता येई. 1705 च्या कायद्याने ते बदललं. आपल्या न्याय्य हिश्श्यापेक्षा जास्त ज्याने घेतलं, त्याच्याकडे दुसरा सहमालक हिशोब मागू शकतो, असं ठरलं. जोर 'घेतलं' या शब्दावर आहे. 1851 च्या एका निकालात त्याचा अर्थ आणखी स्पष्ट झाला: एका सहमालकाने जमीन स्वतः कसली, स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या जोखमीवर. तो नफा त्याचा. त्याने दुसऱ्याकडून भाडं 'घेतलं' नव्हतं.

म्हणून पहिला प्रश्न: दुकानाचा काही भाग दादा स्वतः वापरतो का?

कोपऱ्यावरची

हो! मागच्या खोलीत त्याचं सामान असतं. त्याचं भाडं धरायचं का?

जुनी सनद

तुम्हाला तिथे जाण्यापासून त्याने अडवलं आहे का? किल्ली मागितली आणि नाही म्हणाला, असं काही?

कोपऱ्यावरची

नाही. मी कधी मागितलीच नाही.

जुनी सनद

मग पत्रात त्या खोलीचं भाडं मागू नका. नुसत्या वापराचं भाडं सहसा निघत नाही, दुसऱ्याला बाहेर ठेवलं असेल तर गोष्ट वेगळी. फक्त एक वाक्य घाला, की भाडेकरूच्या करारात मागची खोली आहे की नाही ते सांग. करारात असेल आणि दादा वापरत असेल, तर भाडेकरूला त्या बदल्यात काही सूट दिली आहे का हे विचारण्यासारखं आहे.

सडेतोड

1705, 1851... धागा इतिहासाच्या दालनात हलवा कोणीतरी.

जमाखर्च

आकडे मांडतो. सगळं 100 च्या प्रमाणात.

पहिली 36 महिने 100 प्रमाणे 3600, पुढची 36 महिने 110 प्रमाणे 3960. एकूण 7560. हे *येणं* झालं. प्रत्यक्ष किती आलं ते दादा सांगेल. म्हणून पत्रात दोन्ही वेगळं विचारा: कोणत्या महिन्याचं भाडं येणं होतं, आणि कोणत्या तारखेला किती मिळालं. एखादा महिना बुडाला किंवा माफ केला असेल तर तो त्या फरकातच दिसतो.

घरपट्टी 720 आणि छत 300 यावर वाद नसावा. दुकान उभं राहायला आणि भाड्याने जायला हे लागणारच, आणि ते सगळ्यांनी हिश्श्याप्रमाणे सोसायचं. 7560 मधून 1020 गेले, राहिले 6540. तुमचा पाव 1635. मिळाले 900. बाकी 735.

आता वादाचं. पोटमाळ्याचे 600 वजा केले तर तुमची बाकी 150 ने कमी होते, 585. त्यावर दहा टक्के सांभाळणावळ म्हणून 756 वजा केले तर आणखी 189 कमी, 396. म्हणजे त्याच दुकानाचा, त्याच भाड्याचा हिशोब 735 ही येतो आणि 396 ही येतो, आणि कोणी खोटं बोललेलं नसतं. तुमचा पहिला मसुदा पाठवला असता तर दादाने हाच 396 चा आकडा तोंडावर मारून विषय संपवला असता.

अनामत 600 यात धरलेली नाही. ती भाडेकरूला परत द्यायची आहे, तिघांच्या डोक्यावरचं देणं आहे. तिचे 150 मागू नका. पण ती कुठे ठेवली आहे आणि तिच्यावर व्याज येतं का, हे जरूर विचारा.

बोलघेवडा

मी अनामत आपली समजून खर्च केली होती एकदा. भाडेकरू सोडून जाताना हसत होता, मी नव्हतो.

रेघोट्या

पोटमाळ्याचं मला पटत नाही. तिला न विचारता बांधला, मग एक पैसाही का वजा करायचा? उद्या दादा संगमरवर लावेल.

सगळं मीच केलं

आणि पोटमाळ्यामुळेच भाडं 100 चं 110 झालं असेल तर? वाढीव 10 मधला वाटा हवा, पण खर्चातला नको, हे कसं चालेल?

जुनी सनद

दोघांचंही निम्मं बरोबर. गळतं छत आणि नवा पोटमाळा यांत फरक आहे. पहिलं न केलं तर दुकान जातं, दुसरं न केलं तर काही जात नाही. न विचारता केलेल्या सुधारणेचा खर्च जसाच्या तसा दुसऱ्यावर टाकता येत नाही. पण सुधारणेने उत्पन्न खरंच वाढलं असेल तर ती वाढ घेऊन खर्च नाकारणंही न्याय्य नाही. म्हणून विचारायचं ते एवढंच: भाडं *कशामुळे* वाढलं? ते भाडेकराराच्या कागदात सापडतं. करार काढा.

सांभाळणावळीचं: आधी ठरलेलं नसेल तर सहमालकाला स्वतःच्याच मालमत्तेकडे लक्ष दिल्याचा मोबदला सहसा मिळत नाही. पण सहा वर्षं एकटा राबला, हे पत्रात मान्य करायला पैसे पडत नाहीत. आणि पुढच्यासाठी काही टक्के ठरवायला हरकत नाही.

तिसरी घंटा

म्हणजे दादा भागीदार आहे तर भागीदारी मोडायची नोटीस का देत नाही?

जुनी सनद

भागीदार नाही, सहमालक. हे दोघं मिळून धंदा करत नाहीत. मिळून एका भिंतीचे मालक आहेत.

रेवाकाठ

एक सावधगिरी. माझ्या आत्याने असंच विचारलं तेव्हा समोरून लगेच पैसे आले, बरोबर एक छापील पावती: "आजवरचा सर्व हिशोब पूर्ण व अंतिम मिळाला." तिने आनंदात सही केली. नंतर कळलं की दोन वर्षांचं भाडं त्यात धरलंच नव्हतं. पैसे घ्या, पण सही करताना "हिशोब बाकी ठेवून, खात्यापोटी मिळाले" असं लिहा.

आणि फार थांबू नका. जुन्या वर्षांची रक्कम मागायला मुदत असते, ती देशागणिक वेगळी आहे, आणि नुसतं पत्र पाठवून ती बहुधा थांबत नाही. उलट दादाने लेखी मान्य केलं की 'एवढं तुझं येणं आहे', तर ते कागद म्हणून उपयोगी पडतं.

कोपऱ्यावरची

कराराची प्रत बाबांच्या फाइलीत सापडली!! सुरुवातीचा करार, बाबांची आणि काकांची दोघांची सही. त्यात स्वच्छ लिहिलंय: तीन वर्षांनी भाडं दहा टक्के वाढेल. पोटमाळा चौथ्या वर्षाचा. म्हणजे वाढ आधीच ठरलेली होती. मागची खोली करारात नाही.

रेघोट्या

बघा!

सगळं मीच केलं

मान्य. या बाबतीत मान्य. पण "बघा!" हे पत्रात लिहू नका.

कोपऱ्यावरची

नवा मसुदा. फोडा:

"प्रिय दादा,

दुकानाचं सगळं इतकी वर्षं तू एकटा बघतो आहेस, भाडेकरूशी बोलणं, घरपट्टी, दुरुस्ती. ते माझ्याकडून झालं नसतं, हे मला ठाऊक आहे.

दुकानात तुझा अर्धा, माझा पाव आणि ताईचा पाव हिस्सा आहे. करार सुरू झाल्यापासून आजवर मला तुझ्याकडून 400, 250 आणि 250 असे तीनदा पैसे मिळाले (तारखा सोबत). ते कोणत्या काळाचे आणि कसे काढले ते मला माहीत नाही. म्हणून पुढील माहिती हवी आहे: महिन्यावार किती भाडं येणं होतं आणि कोणत्या तारखेला किती मिळालं, कोणता खर्च कधी केला आणि त्याच्या पावत्या, अनामत कुठे ठेवली आहे, मला व ताईला आजवर काय दिलं. पावत्या सगळ्या नसतील तर ज्या आहेत त्या दे, बाकीचं आठवणीने लिही, त्यावर आपण बोलू.

छताच्या खर्चात आणि घरपट्टीत माझा हिस्सा मी धरतेच आहे. पोटमाळ्याबद्दल मला आधी माहीत नव्हतं. कराराप्रमाणे भाडेवाढ आधीच ठरलेली होती, म्हणून तो खर्च वेगळा दाखव, त्यावर वेगळं बोलू.

हे 30 दिवसांत जमेल का? हिशोबातून जी बाकी निघेल ती देण्याचे हप्ते आपण ठरवू. आणि पुढच्या महिन्यापासून माझा पाव हिस्सा, घरपट्टीपुरता भाग बाजूला ठेवून, भाडं आल्यापासून सात दिवसांत माझ्या खात्यावर पाठव."

जमाखर्च

चांगलं आहे. दोन गोष्टी. "आठवणीने लिही" हे वाक्य ठेवा, वही नसलेला माणूस त्यामुळेच उत्तर देतो. आणि पत्रात 735 कुठेच नाही, तो तसाच बाहेर राहू दे. आकडा त्याच्याकडून येऊ द्या.

सडेतोड

वकिलाचा उल्लेखच नाही. असल्या गोड पत्राला कोण भीक घालतं.

जुनी सनद

सडेतोड, उद्या हे प्रकरण कोर्टात गेलं तर हेच पत्र तिच्या बाजूने पहिला कागद असेल. त्यात हिस्से आहेत, मिळालेल्या रकमा आहेत, मुदत आहे, खर्च मान्य केलेला आहे. धमकी नाही हे तर उत्तमच. फक्त पोचपावती मिळेल अशा रीतीने पाठवा, नुसतं फोनवरच्या संदेशात नको.

बोलघेवडा

आणि ताई?

कोपऱ्यावरची

ताई म्हणते तिला या भानगडीत पडायचं नाही.

*(पाच आठवड्यांनंतर)*

कोपऱ्यावरची

उत्तर आलं. वहीच्या फाडलेल्या पानांवर, त्याच्या हस्ताक्षरात, सहा पानं. पहिल्या पानावर "तू एवढं तरी लिहिलंस की मी बघत होतो" असं आहे. मी ते पान दोनदा वाचलं.

आता हिशोब. भाडं जमा 7260. म्हणजे 300 कमी. तो म्हणतो छताच्या कामात दुकान 3 महिने बंद होतं, भाडं माफ केलं. मी दुकानात फोन केला, भाडेकरू म्हणाला एक महिना बंद होतं, पण पुढचे दोन महिने त्याला आठवत नाहीत. घरपट्टी, छत बरोबर. सांभाळणावळ त्याने स्वतःच सोडली. पोटमाळ्याचे 600 पूर्ण लावलेत. त्याच्या हिशोबाने माझी बाकी 510.

जमाखर्च

7260 मधून 1020 आणि 600, राहिले 5640, पाव 1410, वजा 900. हो, 510 जुळतं. पोटमाळा काढला तर 660. वादात असलेले दोन महिने धरले तर आणखी 50.

एक महिना खरंच बंद होतं, तर त्याची माफी योग्य वाटते. दोन महिन्यांचा पुरावा म्हणजे भाडेकरूच्या खात्यावरून पैसे गेले की नाही. त्याचं खातेउताऱ्याचं पान मिळालं तर निकाल लागेल. 50 साठी भाडेकरूला किती पिळायचं ते तुमचं तुम्ही बघा.

सगळं मीच केलं

सांभाळणावळ सोडली ना, मग मी असतो तर पोटमाळ्यावर निम्म्यात मिटवलं असतं. 585. आणि दोन महिने विसरून गेलो असतो. माझी बहीण माझ्याशी आता बोलते, तेवढं पुरे.

रेघोट्या

करार हातात असताना निम्मं का द्यायचं? माझं मत बदललेलं नाही.

कोपऱ्यावरची

अजून ठरवलं नाही. 510 त्याने काल पाठवलेत. मी "खात्यापोटी मिळाले, पोटमाळा व दोन महिने बाकी" असं लिहून पोच दिली. त्यावर नुसता अंगठा आला.

पण सहाव्या पानावर एक ओळ आहे: "ताईचा पाव: तिला नको म्हणाली, म्हणून माझ्याकडे." सहा वर्षांचा सगळा. तिला विचारलं तर म्हणते, "मी म्हणाले होते आत्ता नको, कधीच नको असं नाही."

जुनी सनद

ती ओळ दादाच्या हस्ताक्षरात आहे ना? ते पान जपून ठेवा. आता ताईंना त्यांचं पत्र स्वतःच्या सहीने लिहावं लागेल, तुमच्या पत्रावर ते निघणार नाही. त्यांच्या हिश्श्यात एक फरक लक्षात असू द्या: त्यांना आजवर काहीच मिळालेलं नाही, त्यामुळे त्यांच्या बाकीतून 900 वजा होणार नाहीत.

तिसरी घंटा

म्हणजे ताईंना एक तृतीयांश?

बोलघेवडा

पाव!!!